परदेशवारीसाठी डेटा: रोमिंग पॅक, तिथलं सिम की ई-सिम? जीबीमागे खरा खर्च कसा काढायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासरे, १२ दिवसांसाठी युरोपला निघालोय. पॅरिसला उतरायचं, फ्रान्समध्ये ५ दिवस, मग स्वित्झर्लंडमध्ये ४, शेवटी इटलीत ३ आणि मिलानहून परत. मोबाइल डेटासाठी तीन पर्याय काढून ठेवलेत. तुलना सोपी जावी म्हणून सगळे भाव युरोत लिहिते. हे मला मिळालेले भाव आहेत, तुम्हाला वेगळे दिसतील.

आमच्या कंपनीचा रोमिंग पॅक १० दिवसांचा, ५ जीबी आणि १०० मिनिटं कॉल, ३० युरो. उरलेल्या दोन दिवसांसाठी एक-एक दिवसाचे पॅक, प्रत्येकी ६ युरो आणि अर्धा जीबी. म्हणजे ४२ युरोत ६ जीबी.

फ्रान्समधलं प्रीपेड सिम २० युरोला, ३० जीबी, २८ दिवस.

युरोपभर चालणारं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच टाकायचं सिम: ५ जीबी ११ युरो, १० जीबी १८ युरो, दोन्ही ३० दिवसांचे. शिवाय १२ दिवस 'अनलिमिटेड' ३८ युरोला.

भागाकार केला तर जीबीमागे रोमिंग ७ युरो, ई-सिम २.२० किंवा १.८० आणि फ्रान्सचं सिम फक्त ६७ सेंट. एवढी तफावत असेल तर डोळे झाकून तिथलं सिम घ्यावं का? की हिशोबात काही सुटतंय?

भटक्या_विमुक्त

ताई, अनलिमिटेड घ्या आणि मोकळ्या व्हा. ३८ युरोत १२ दिवस कसली चिंता नाही. जीबी मोजत फिरण्यात काय मजा?

तेजूची आई

बरं झालं धागा निघाला. माझी मुलगी वर्षभरासाठी शिकायला जर्मनीला चालली आहे. तिला इथूनच ई-सिम घेऊन द्यावं की तिकडे गेल्यावर घ्यावं? महिन्याला साधारण किती लागेल?

सिग्नलमास्तर

रानजाई, तुमचा भागाकार बरोबर आहे, पण भाजक चुकीचा घेतलाय. पॅकमध्ये किती जीबी आहेत त्याने भागू नका. तुम्ही किती वापरणार आहात त्याने भागा. न वापरलेला जीबी कितीही स्वस्त असला तरी त्याचे पैसे गेलेलेच असतात.

मी बरीच वर्षं मोबाइल नेटवर्कच्या बिलिंगमध्ये काम केलंय. आधी एक माहिती द्या: घराबाहेर, वाय-फाय नसताना, तुमचा रोजचा डेटा किती जातो? फोनच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटाचा आकडा अ‍ॅपनुसार दिसतो. अँड्रॉइडवर तो महिन्याच्या चक्राने मोजलेला असतो. आयफोनवर मात्र तो आपणहून शून्य होत नाही, तळाशी जाऊन 'Reset Statistics' दाबावं लागतं. आज दाबा आणि नेहमीसारखे चार-पाच दिवस जाऊ द्या.

तेजूच्या आई, तुमचा प्रश्न निराळा आहे. वर्षभर राहणाऱ्याला प्रवासाचं ई-सिम परवडत नाही. पोहोचेपर्यंत आणि पहिल्या आठवड्यापुरतं छोटं ई-सिम द्या, नंतर पत्ता आणि बँक खातं झालं की तिथलं मासिक कनेक्शन. वेगळा धागा काढलात तर तिथे राहणारे लोक चांगलं सांगतील.

रानजाई

मास्तर, बघितलं. रोज साधारण ४०० एमबी जातोय. त्यातला मोठा वाटा फोटोंच्या बॅकअपचा आहे, हे मला माहीतच नव्हतं. तो 'फक्त वाय-फायवर' केल्यावर आकडा ३०० एमबीवर आला.

सिग्नलमास्तर

उत्तम. ३०० एमबी गुणिले १२ म्हणजे ३.६ जीबी. आता याच आकड्याने पुन्हा भागू.

रोमिंग: ४२ भागिले ३.६, म्हणजे जीबीमागे जवळजवळ ११.७० युरो.

५ जीबीचं ई-सिम: ११ भागिले ३.६, म्हणजे ३.०५ च्या आसपास.

फ्रान्सचं सिम: २० भागिले ३.६, म्हणजे साडेपाच. ६७ सेंटचं थेट साडेपाच युरो झालं, आणि ई-सिम त्याच्या खाली आलं.

पण खरी गोची पुढे आहे. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. युनियनमधलं सिम युनियनच्या दुसऱ्या देशात वापरलं तरी घरचेच दर लावायचा नियम १५ जून २०१७ पासून आहे आणि तो २०३२ पर्यंत वाढवलाय. नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइनलाही तो लागू आहे, स्वित्झर्लंडला नाही. एखाद्या कंपनीने आपणहून स्वित्झर्लंड दिला तर दिला, कायद्याने बंधन नाही. त्यामुळे तुमच्या फ्रेंच सिमच्या पानावर देशांची यादी उघडून बघा.

रानजाई

बघितली. स्वित्झर्लंड नाही. आणि बारीक अक्षरात असंही लिहिलंय की ३० जीबी फ्रान्समध्ये, युनियनच्या इतर देशांत त्यातले १५ जीबीच.

सिग्नलमास्तर

ते १५ जीबी का, तेही सांगतो. परदेशी ग्राहक आपल्या टॉवरवर आला की तिथली कंपनी त्याच्या मूळ कंपनीकडून घाऊक दराने पैसे घेते. त्या दराला युनियनने कमाल मर्यादा घातली आहे. २०२२ मध्ये ती जीबीमागे २ युरो होती, दरवर्षी उतरत २०२७ मध्ये १ युरोवर येते. सिम फार स्वस्त असेल तर पूर्ण डेटा बाहेर वापरू देणं कंपनीला तोट्याचं ठरेल, म्हणून नियमानेच तिला बाहेरच्या वापरावर मर्यादा ठेवायची मुभा आहे. इटलीत तुम्हाला एखादाच जीबी लागणार, त्यामुळे ही अट तुम्हाला नडणार नाही. स्वित्झर्लंड नडणार.

चार दिवसांचे १.२ जीबी तिथे लागतील. त्यासाठी वेगळं काहीतरी घ्यावंच लागेल.

रानजाई

फक्त स्वित्झर्लंडचं ३ जीबीचं ई-सिम ७ युरोला दिसतंय. म्हणजे २० आणि ७, एकूण २७ युरो, भागिले ३.६, म्हणजे जीबीमागे साडेसात! ६७ सेंटवरून साडेसातवर.

सिग्नलमास्तर

बरोबर. आणि ज्या ई-सिमवर ११ युरोत सगळं होतंय, त्याच्याही यादीत स्वित्झर्लंड आहे याची खात्री करा. 'युरोप' हे नाव प्रत्येक विक्रेता आपल्या सोयीने वापरतो.

कोकणकडा

मला एक शंका आहे. वापर वाढला की चित्र उलटत नाही का? मी प्रवासात लॅपटॉपवर काम करतो, हॉटेलचं वाय-फाय भरवशाचं नसतं. २० जीबी सहज जातात.

सिग्नलमास्तर

उलटतं, आणि नेमकं कुठे उलटतं तेही या भावांवरून काढता येतं. फ्रेंच सिम आणि स्विस ई-सिम मिळून २७ युरो हा ठरलेला खर्च. ई-सिमचं ५ जीबी ११ ला, १० जीबी १८ ला. दहाच्या पुढे गेलात की आणखी ५ जीबी घ्यावे लागतात, म्हणजे २९. तेव्हा या सहलीसाठी माणशी १० जीबीपर्यंत ई-सिम स्वस्त, त्याच्या पुढे फ्रेंच सिम. तुमच्या २० जीबीला ई-सिमचे दोन मोठे पॅक ३६ युरोला पडतील, जीबीमागे १.८०. सिमच्या जोडीचे २७, म्हणजे १.३५. मात्र स्वित्झर्लंडमधला वापर ३ जीबीत बसला तर. लॅपटॉपचं काम तिथेही चालू राहिलं तर हा फायदा पुसला जाईल.

स्वित्झर्लंड नसता, नुसता फ्रान्स आणि इटली असता, तर ५ जीबीच्या पुढे फ्रेंच सिमचा विचार करायला हरकत नव्हती. १८ आणि २० मध्ये दोनच युरोंचा फरक, आणि डेटा तिप्पट.

भटक्या_विमुक्त

आणि अनलिमिटेड? त्यावर कोणी बोललंच नाही.

सिग्नलमास्तर

३८ भागिले ३.६, साडेदहा युरो. रोमिंगच्या जवळपास. शिवाय अशा बहुतेक प्लॅनमध्ये रोज ठरावीक डेटा पूर्ण वेगाने मिळतो, त्यानंतर वेग उतरतो. विकत घेण्याआधी अटींमध्ये तो आकडा शोधा. समजा ५१२ केबीपीएस लिहिलंय. त्या वेगाने तासाला जास्तीत जास्त २३० एमबी उतरतात. नकाशा आणि मेसेज चालतील, व्हिडिओ कॉल अडखळेल. ज्याला रोज दोन-तीन जीबी लागतात त्याने जरूर विचार करावा. ३०० एमबीवाल्याने तो घेणं म्हणजे दोन माणसांसाठी पन्नास पानांची पंगत मांडणं.

अनघा_जो

मी ई-सिम वापरलंय, म्हणून सांगते. रानजाई, तिकडे उतरल्यावर फोनमधलं डेटा रोमिंग आठवणीने बंद ठेवा. ई-सिम तिथल्याच नेटवर्कवर चालतं, त्यामुळे रोमिंगची गरजच नसते. चालू राहिलं तर बिल येतं.

सिग्नलमास्तर

अनघाताई, तुमचं निम्मं अगदी बरोबर आहे, पण उरलेल्या निम्म्यामुळे लोक विमानतळावर अडकतात. प्रवासाचं ई-सिम बहुधा तिथल्या कंपनीचं नसतं. ते तिसऱ्याच एखाद्या देशातल्या कंपनीचं असतं आणि फ्रान्समध्ये पाहुणं म्हणून टॉवर पकडतं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ते रोमिंगच करतं, फक्त त्याचे पैसे तुम्ही आधी भरलेले असतात. त्यामुळे ई-सिमच्या लाइनवर 'Data Roaming' चालू हवं. बंद ठेवलं तर सिग्नलच्या कांड्या दिसतात आणि इंटरनेट मात्र येत नाही.

घरच्या सिमच्या लाइनवर ते बंद. फोनमध्ये प्रत्येक लाइनचं हे बटण वेगळं असतं. आयफोनवर आणखी एक बघा: 'Allow Cellular Data Switching' बंद करा. ते चालू असेल तर ई-सिमचा सिग्नल गेल्यावर फोन दुसऱ्या लाइनचा डेटा वापरायला जातो.

अनघा_जो

अच्छा! माझं ई-सिम जपानमधल्याच कंपनीचं होतं, म्हणून माझं बंद ठेवूनही चाललं असणार. धन्यवाद, हे नव्याने कळलं.

सिग्नलमास्तर

हो, तेच कारण असावं. ई-सिम हा फक्त सिमचा प्रकार आहे. स्थानिक कंपनीही ई-सिम देते आणि रोमिंगवर चालणारा विक्रेताही ई-सिमच देतो. विक्रेत्याच्या पानावर कोणाचं नेटवर्क आणि आयपी पत्ता कुठल्या देशाचा ते कधी कधी लिहिलेलं असतं. रोमिंगवाल्या ई-सिममध्ये तुमचा डेटा बऱ्याचदा दुसऱ्या देशातून फिरून येतो. त्यामुळे वेबसाइट भलत्याच भाषेत उघडते आणि कॉलमध्ये आवाज जरासा मागे राहतो. चीनमध्ये मात्र हाच वळसा कामाला येतो. तिथल्या सिमवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप अडवलेले असतात, बाहेरच्या सिमचा डेटा बाहेरून जात असल्याने ते चालतात.

दर्यावर्दी

स्वित्झर्लंडवरून माझा अनुभव सांगतो. आम्ही जिनिव्हा सरोवराच्या फ्रेंच काठावर मुक्कामाला होतो. सिम फ्रान्सचं, आम्ही फ्रान्समध्येच. फोनने मात्र पलीकडचा स्विस टॉवर पकडला आणि सिममधला बॅलन्स संध्याकाळपर्यंत संपला. कंपनीचा मेसेज आलेला होता, पण तो फ्रेंचमध्ये, कोणी वाचला नाही.

सिग्नलमास्तर

सीमेजवळ हे नेहमी होतं. पाण्यावरून सिग्नल लांब जातो आणि फोनला सीमा कळत नाही, त्याला जोरदार टॉवर कळतो. उपाय असा, की अशा ठिकाणी नेटवर्कची निवड आपोआपवरून काढून हाताने करायची आणि फ्रान्सचं नेटवर्क ठरवून ठेवायचं. पुढच्या देशात गेल्यावर ते परत आपोआपवर टाकायला विसरू नका, नाहीतर सिग्नलच येणार नाही. दोन्ही देश ज्यात आहेत असं ई-सिम असेल तर हा प्रश्नच उरत नाही. बोटीवरचं आणि विमानातलं उपग्रहाचं नेटवर्क मात्र सहसा कुठल्याच पॅकमध्ये धरलेलं नसतं. तिथे फोन सरळ विमान मोडवर.

कोकणकडा

मास्तर, तुमच्या मूळ मुद्द्याला थोडा विरोध करतो. वापरलेल्या जीबीने भागायचं म्हणता, पण उरलेला डेटा अगदीच वाया नसतो. रस्ता चुकलो, हॉटेल बदलावं लागलं, तर तोच उपयोगी पडतो. ५ जीबी घेऊन ३.६ वापरायचे म्हणजे सगळी सहल मीटरकडे बघत काढायची.

सिग्नलमास्तर

मुद्दा मान्य आहे, पण तो वेगळा मोजावा असं मला वाटतं. कमी पडलं तर काय भावाने आणखी मिळेल, हा खरा प्रश्न. तुमचा पॅक संपला आणि जागेवर दोन मिनिटांत त्याच भावाने ५ जीबी घेता येत असतील, तर आधीच जास्त घेऊन ठेवण्याची गरज नाही. पॅक संपल्यावर एमबीच्या सुट्या दराने पैसे कापले जाणार असतील, तर मोठा पॅक घ्या. रोमिंग पॅकमध्ये ही अट नीट वाचा. काही कंपन्या डेटा संपला की थांबवतात, काही सुटा दर लावतात. प्रीपेड ई-सिम संपलं की नुसतं थांबतं, बिल येत नाही.

कोकणकडा

डोंगरात सिग्नल नसताना आणखी डेटा विकत कसा घेणार? मी तरी १० जीबीच घेईन. ७ युरोत मनाला शांतता मिळते.

रानजाई

दोघांचंही पटतंय. आता दिवसांबद्दल विचारते. आमचं विमान पॅरिसला रात्री ११ वाजता उतरतं. रोमिंगचा १० दिवसांचा पॅक केव्हापासून मोजतात?

सिग्नलमास्तर

दोन पद्धती आहेत. काही पॅक सुरू केल्यापासून २४ तासांचा एक दिवस धरतात. काही तारखेनुसार, आणि ती तारीख कधी तिथल्या वेळेने, कधी तुमच्या घरच्या वेळेने. तिथल्या वेळेने तारीख धरत असतील, तर रात्री ११ ला उतरून टॅक्सी बोलावलीत की एक दिवस तासाभरात संपतो. विमानतळाच्या वाय-फायवर काम भागवून सकाळी पॅक सुरू करता येतो.

ई-सिममध्येही हाच प्रकार. काहींची मुदत फोनमध्ये टाकल्या क्षणी सुरू होते, काहींची तिथल्या नेटवर्कला जोडल्यावर. दुसऱ्या प्रकारचं असेल तर घरच्या वाय-फायवर आदल्या दिवशी टाकून ठेवा. आणि उतरल्यावर नेट आलं नाही म्हणून ई-सिम फोनमधून उडवू नका. बऱ्याच ठिकाणी क्यूआर कोड एकदाच चालतो. आधी 'Data Roaming' बघा, मग एपीएन, म्हणजे विक्रेत्याने दिलेली इंटरनेटची सेटिंग, मग फोन बंद करून चालू करा.

अनघा_जो

बँकेच्या ओटीपीचं पण सांगा ना. तिथेच लोक फसतात.

सिग्नलमास्तर

घरचं सिम फोनमध्येच ठेवा, लाइन चालू, डेटा बंद. एसएमएसला डेटा लागत नाही. मात्र निघण्याआधी आपल्या कंपनीकडे आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे ना आणि येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत ना, हे दोन्ही विचारा. आलेला फोन उचलला तर मिनिटाचे पैसे लागू शकतात, तो दरही बघा. एकच सिमची जागा असलेल्या फोनमध्ये तिथलं सिम घातलं की घरचं बाहेर निघतं आणि ओटीपी थांबतात. ई-सिमची ही सोय जीबीच्या भागाकारात कुठे दिसत नाही.

रानजाई

सासऱ्यांचा फोन जुना आहे. त्यात ई-सिम चालेल का, ते कसं ओळखायचं?

सिग्नलमास्तर

फोन करायच्या पाटीवर `*#06#` टाका. आयएमईआय दिसेल. त्यासोबत EID असा ३२ आकडी क्रमांक दिसला तर ई-सिम आहे. शिवाय फोन कुठल्या कंपनीला बांधलेला नसावा. आयफोनवर सेटिंग्जच्या 'About' मध्ये 'Carrier Lock' पुढे 'No SIM restrictions' असलं की झालं.

रानजाई

टाकून बघितलं, दोन आयएमईआय आले, EID नाही. सिमच्या जागा दोन आहेत. ते डेटा फारसा वापरत नाहीत, पण दिवसातून चार वेळा नातेवाइकांना फोन करतात.

दर्यावर्दी

मग त्यांना तुमच्या फोनवरून हॉटस्पॉट द्या. व्हॉट्सअ‍ॅप कॉल करतील. वेगळा खर्च शून्य.

कोकणकडा

म्हातारा माणूस गर्दीत दोन मिनिटं मागे राहिला की हॉटस्पॉट गेला. तेव्हाच तर फोन लागायला हवा. त्यांच्यासाठी रोमिंग पॅकच घ्या, जीबीचा भाव बघूच नका. त्यांचा नेहमीचा नंबर चालू राहील, नातेवाइकांनाही काही नवीन समजावं लागणार नाही.

सिग्नलमास्तर

माझं मत कोकणकडांच्या बाजूने, पण १०० मिनिटांत येणारे कॉल धरतात का ते आधी बघा. धरत असतील तर चार फोन रोज, पाच-पाच मिनिटांचे, म्हणजे पाच दिवसांत मिनिटं संपली.

रानजाई

आताच वाचलं. येणारे-जाणारे दोन्ही धरतात. आणि शेवटच्या दोन दिवसांच्या छोट्या पॅकमध्ये मिनिटं नाहीतच. म्हणजे आम्हा दोघांना ५-५ जीबीचं ई-सिम, २२ युरो, हे ठरलं. सासऱ्यांसाठी दुसऱ्या जागेत साधं प्रवासी सिम, युरोपभर चालणारं आणि स्वित्झर्लंडसकट, मिळतंय का शोधते. त्यावर ते व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलतील आणि घरचा नंबर पहिल्या जागेत राहील. असं सिम कोणी वापरलंय का? आणि बोलण्याला तासाला किती एमबी जातात?

अनघा_जो

माझ्या आईच्या फोनवर नुसत्या आवाजाच्या कॉलला तासाला ४० एमबीच्या आतबाहेर जातात. कॅमेरा चालू केला की कितीतरी पटींनी वाढतात, तेवढं सासऱ्यांना दाखवून ठेवा. साध्या सिमचं मला माहीत नाही, कोणी वापरलं असेल तर लिहा.